फुकटच्या वाहिनीचे भाडे कोण भरतो?

गेल्या काही महिन्यांपासून आपल्या चळवळीतल्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर एक प्रस्ताव फिरतो आहे. प्रस्ताव असा की, आता घरोघरी स्मार्ट टीव्ही आले, त्या टीव्हीत शंभराच्या वर मोफत वाहिन्या आधीच भरून येतात, त्यांना ना केबल लागते ना रिचार्ज, मग वर्गणी गोळा करून आपणही तिथे एक आंबेडकरी वाहिनी का काढू नये? नेटफ्लिक्स-प्राइमला महिना पैसे मोजावे लागतात, आपल्या माणसाला ते परवडत नाही, आणि हे तर फुकट आहे. म्हणजे ही माध्यमांची लोकशाही झाली, असा या प्रस्तावाचा सूर आहे. सूर प्रामाणिक आहे, प्रस्ताव मांडणारे तरुण माझ्या ओळखीचे आहेत आणि मेहनती आहेत. तरीही वर्गणीची पावती फाडण्याआधी या "फुकट"चा हिशेब मांडायला हवा असे मला वाटते.

आधी ही वस्तू काय आहे ते नीट पाहू. टीव्ही चालू केला की काही कंपन्यांच्या संचांवर एखादी वाहिनी आपोआप सुरू होते. सॅमसंगच्या संचात "सॅमसंग टीव्ही प्लस", एलजीत "एलजी चॅनल्स", शाओमीत "शाओमी टीव्ही प्लस". सॅमसंगने ही सेवा भारतात २०२१ मध्ये आणली. इंग्रजीतल्या आद्याक्षरांवरून या धंद्याला "फास्ट" म्हणतात. दिसायला ती जुन्या केबलसारखीच: एकामागून एक वाहिन्या, ठरलेले वेळापत्रक, मध्ये जाहिराती. पण ती डिशवरून येत नाही, घरातल्या इंटरनेटवरून येते. म्हणून केबलच्या जाहिरातीत आणि या जाहिरातीत एक मूलभूत फरक पडतो. केबलवर साबणाची जाहिरात लागली की ती गावातल्या सगळ्या घरांत एकच लागते. इथे तीच वाहिनी, तोच कार्यक्रम आणि तोच मिनिट असला तरी तुमच्या घरात एक जाहिरात लागते आणि शेजारच्या घरात दुसरी.

हे घडते कसे? वाहिनीच्या प्रवाहात जाहिरातीची जागा आली की एक खूण येते. ती खूण दिसताच सर्व्हर जाहिरातवाल्यांच्या बाजाराला विचारतो: अमुक मॉडेलचा टीव्ही आहे, अमुक शहरातला इंटरनेट पत्ता आहे, या टीव्हीचा जाहिरात-ओळख क्रमांक हा आहे, अमुक वाहिनी चालू आहे, तीस सेकंद रिकामे आहेत, काय देता? एका सेकंदाच्या आत बोली लागते आणि जिंकलेली जाहिरात सर्व्हरवरच कार्यक्रमाला शिवून तुमच्याकडे पाठवली जाते. शिवून येते म्हणून ती वेगळी काढून फेकताही येत नाही. या शिवणकामाचे तंत्र जगभर पुरवणाऱ्या मोठ्या कंपन्यांपैकी एक, अमागी, आपल्याच बंगळुरूची आहे. म्हणजे तंत्र परके नाही, आणि अवघडही राहिलेले नाही. अडचण तंत्राची नाहीच.

आता या बोलीत काय होते ते पाहा. बोली लावणारा कार्यक्रमाची किंमत लावत नाही, घराची लावतो. महागडा पंचावन्न इंची टीव्ही, महानगरातला पत्ता, म्हणजे गाडी किंवा फ्लॅट विकत घेऊ शकणारे घर, त्याला दर जास्त. स्वस्तातला बत्तीस इंची टीव्ही, तालुक्याचे गाव, त्याला दर कमी, किंवा बोलीच नाही. बोली आली नाही की काय होते हे तुम्ही पाहिले असेल, कदाचित कारण कळले नसेल. पडद्यावर "लवकरच परत येत आहोत" अशी पाटी संगीतासह अर्धा-एक मिनिट हलत राहते, किंवा त्याच वाहिनीची स्वतःची जाहिरात लागते, किंवा एकच जाहिरात एका ब्रेकमध्ये तीनदा येते. आपल्या वस्तीतल्या वाचनालयात लोकांच्या देणगीतून घेतलेला टीव्ही आहे, कंपनीचे नाव महत्त्वाचे नाही. तिथे एका रविवारी दुपारी मी वही घेऊन बसलो. दीड तासात सर्वांत जास्त वेळा दिसली ती हीच पाटी. मुलांना वाटत होते नेट गेले. नेट गेले नव्हते, आमच्या त्या खोलीला गिऱ्हाईक नव्हते.

जात विचारणारा रकाना या यंत्रणेत कुठेही नाही. तो लागतही नाही. आपल्या देशात वस्त्या कशा वसल्या हे ज्याला ठाऊक आहे त्याला पत्ता, टीव्हीची किंमत आणि इंटरनेटचा वेग एवढे पुरते. गावकुसाबाहेरचे घर पूर्वी पाटलाला दिसायचे, आता ते बोलीच्या दरात दिसते. कुणी म्हणेल, कमी जाहिराती लागल्या तर बरेच आहे की! पाहणाऱ्याला बरे आहे, खरेच. पण ज्या वाहिनीचे प्रेक्षक मुख्यतः अशा घरांत राहतात, त्या वाहिनीच्या कमाईचे काय? आपल्या प्रस्तावाचा प्रश्न इथेच उभा राहतो.

तो हिशेब करून पाहू. पुढचे आकडे मी समजण्यासाठी धरलेले आहेत, कुणा कंपनीचे नाहीत. तुम्हाला ज्या दराने कोटेशन मिळेल तो दर घालून पुन्हा करून पाहा. जाहिरातीचा दर हजार वेळा दाखवण्यावर ठरतो. समजा तो शंभर रुपये आहे, म्हणजे एक जाहिरात एकदा दिसली की दहा पैसे. तासाला आठ मिनिटे जाहिरातीला ठेवली, तीस सेकंदांची एक धरली, तर सोळा जागा झाल्या. सगळ्या विकल्या जात नाहीत. समजा शंभरातल्या चाळीस विकल्या, तर सोळापैकी सरासरी ६.४ जागा भरल्या. म्हणजे एका घराने एक तास आपली वाहिनी पाहिली की चौसष्ट पैसे आले. त्यातून टीव्ही कंपनीचा वाटा जातो, कधी पैशांत, कधी "एवढ्या जागा आम्हीच विकू" अशा अटीने. अर्धा वाटा धरू. आपल्या हातात राहिले बत्तीस पैसे.

आता पाच हजार घरे रोज चाळीस मिनिटे आपली वाहिनी पाहतात असे धरा. नवीन वाहिनीला हे सोपे नाही, पण धरा. महिन्याला एक लाख तास होतात आणि उत्पन्न होते बत्तीस हजार रुपये. एका चांगल्या व्हिडिओ संपादकाचा महिन्याचा पगार त्यात कसाबसा निघेल. वाहिनी चोवीस तास सर्व्हरवरून चालवण्याचे भाडे, कार्यक्रमांचे हक्क, निवेदक, छायाचित्रण, हे सगळे वर्गणीतूनच भागवावे लागेल, आणि एकदा नव्हे, दर महिन्याला.

हक्कांचे प्रकरण तर वेगळेच आहे आणि त्याकडे आपले लोक सर्वांत कमी लक्ष देतात. आठवड्यात १६८ तास असतात. सहा तासांचा एक तुकडा करून तो दिवसातून चार वेळा फिरवला, तरी आठवड्याला बेचाळीस तासांचे साहित्य लागते. आपल्याकडे काय आहे? भीमगीतांचा प्रचंड साठा आहे, पण कॅसेटच्या जमान्यात गायक-कवींना एकरकमी पैसे देऊन कंपन्यांनी ती रेकॉर्डिंगे स्वतःच्या नावावर केली. गाणे आपल्या शाहिराचे, मालकी दुसऱ्याची. जयंतीच्या मिरवणुकीत ते वाजते तेव्हा कुणी विचारत नाही, पण टीव्ही कंपनी वाहिनी घेण्याआधी प्रत्येक गाण्याच्या हक्काचा कागद मागते. जब्बार पटेलांचा "डॉ. बाबासाहेब आंबेडकर" हा चित्रपट राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळाने केला, त्यात केंद्राच्या सामाजिक न्याय मंत्रालयाचे आणि महाराष्ट्र शासनाचे पैसे होते. जनतेच्या पैशातून बनलेला चित्रपट जनतेच्या वाहिनीवर दाखवायलाही रीतसर परवानगी लागेल. राहिली आपली भाषणे, परिषदा, मुलाखती. त्या आपल्या आहेत, पण त्यांचा आवाज बहुतेक वेळा इतका खराब असतो की मोबाइलवर कानात घालून चालतो, टीव्हीवर चालत नाही.

आणि हे सगळे जमवले तरी दार उघडेल याची हमी नाही. वाहिनी घ्यायची की नाही हे टीव्ही कंपनीचे व्यवसाय खाते ठरवते. नकाराचे कारण देण्याचे बंधन त्याच्यावर नाही. यादीत कितव्या क्रमांकावर ठेवायचे हेही तेच ठरवते. केबलवर कॅरेज फी मागून छोट्या वाहिन्यांना कोंडले जायचे, हे नागपूरहून चालणाऱ्या "आवाज इंडिया" आणि "लॉर्ड बुद्धा" यांसारख्या वाहिन्यांच्या जगातल्या कुणालाही विचारा. इथे फी नसेल, पण फाटक आहेच, आणि फाटकावरचा माणूस दिसत नाही. "मूकनायक" निघाला तेव्हा त्याची जाहिरात पैसे देऊनही छापायला "केसरी"ने नकार दिला होता. निदान नकार देणारा कोण हे तेव्हा माहीत होते.

प्रस्तावाच्या विरुद्ध बाजूलाही आपल्यातलेच काही मित्र आहेत. त्यांचे म्हणणे, या फुकटच्या कचऱ्यापेक्षा पैसे देऊन घेतलेले अ‍ॅप बरे, तिथे जाहिरात नाही, तिथे आपले सिनेमे आहेत. तमिळ "जय भीम" २०२१ मध्ये थिएटरऐवजी थेट प्राइमवर आला आणि घराघरांत पोचला, हे खरे आहे. पण "पैसे दिले म्हणजे जाहिरात नाही" हे आता खरे राहिलेले नाही. प्राइम व्हिडिओने जून २०२५ पासून भारतात पैसे भरणाऱ्या सदस्यांनाही जाहिराती दाखवायला सुरुवात केली आणि त्या नको असतील तर वर्षाला आणखी ६९९ रुपये मागितले. नेटफ्लिक्सची १४९ रुपयांची योजना फक्त मोबाइल आणि टॅबलेटवर चालते. टीव्हीवर पाहायचे तर १९९ पासून सुरुवात, आणि तिथे चित्राची गुणवत्ता कमी. म्हणजे पैसे देणाऱ्यांमध्येही पंगती आहेत, वरच्या पंगतीला स्वच्छ चित्र, खालच्या पंगतीला धूसर.

आणि मोफत दिलेले काढून घेणे हा तर या धंद्याचा नेमच आहे. २०२३ आणि २०२४ मध्ये आयपीएलचे सामने जिओ सिनेमावर फुकट दाखवले, सवय लागली, आणि २०२५ मध्ये सदस्यत्वाचे कुलूप आले. त्याआधी, एप्रिल २०२२ मध्ये, मोठ्या खासगी कंपन्यांनी स्टार उत्सव, झी अनमोल, कलर्स रिश्ते, सोनी पल या वाहिन्या दूरदर्शनच्या मोफत डिशवरून काढून घेतल्या, कारण मोफत बघणारा प्रेक्षक पैसे भरणाऱ्या डिशकडे वळवायचा होता. स्मार्ट टीव्हीतल्या मोफत वाहिन्यांचेही असेच होईल असे मी म्हणत नाही. तिथे पैसा दुसऱ्या वाटेने येतो, त्यामुळे त्या मोफतच राहतील असा माझा अंदाज आहे. पण कुठली वाहिनी राहील आणि कुठली एका रात्रीत गायब होईल, हे बघणाऱ्याच्या हातात नसेल.

ती दुसरी वाट कोणती? अमेरिकेतल्या व्हिझिओ या टीव्ही कंपनीचे उदाहरण घेऊ, कारण तिचे हिशेब जाहीर आहेत. २०२१ च्या जुलै ते सप्टेंबर या तिमाहीत तिला टीव्ही विकून जेवढा ढोबळ नफा झाला, त्याच्या दुपटीहून जास्त जाहिराती आणि बघणाऱ्यांची माहिती विकणाऱ्या विभागातून झाला. पुढे वॉलमार्ट या किराणा-दुकानदार कंपनीने सुमारे २३० कोटी डॉलर देऊन ती विकत घेतली आणि डिसेंबर २०२४ मध्ये व्यवहार पूर्ण झाला. दुकानदाराला टीव्ही बनवायची हौस नव्हती, घरातला पडदा हवा होता. याच व्हिझिओवर २०१७ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने कारवाई केली होती. एक कोटी दहा लाख टीव्हींवर लोक काय बघतात हे त्यांना न विचारता टिपल्याबद्दल. कंपनीने बावीस लाख डॉलर भरून प्रकरण मिटवले. आपल्याकडे दिवाळीत टीव्ही इतके स्वस्त कसे मिळतात याचे एक कारण यात आहे. किमतीतला काही भाग आपण पडद्यासमोर बसून नंतर फेडतो.

टिपण्याची रीत समजून घेण्यासारखी आहे. तिला इंग्रजी आद्याक्षरांवरून "एसीआर" म्हणतात. टीव्ही दर काही क्षणांनी पडद्यावरच्या चित्राचा किंवा आवाजाचा ठसा घेतो, म्हणजे फोटो नव्हे, त्यातून काढलेली आकड्यांची खूण, आणि ती कंपनीच्या सर्व्हरकडे पाठवतो. तिथे लाखो कार्यक्रमांच्या खुणा साठवलेल्या असतात, त्यांच्याशी ती जुळवून पाहतात. लंडन, कॅलिफोर्निया आणि माद्रिदच्या विद्यापीठांतल्या संशोधकांनी २०२४ मध्ये ब्रिटन-अमेरिकेतल्या सॅमसंग आणि एलजीच्या टीव्हींवर हे मोजले. एलजीचा संच दहा मिलिसेकंदांनी ठसा घेऊन दर पंधरा सेकंदांनी पाठवत होता, सॅमसंगचा अर्ध्या सेकंदाने ठसा घेऊन मिनिटाला एकदा. सर्वांत महत्त्वाचे निरीक्षण असे की एचडीएमआय वायरने लॅपटॉप जोडला आणि टीव्ही नुसता पडदा म्हणून वापरला, तरी हे चालू होते. उलट नेटफ्लिक्स किंवा यूट्यूबचे अ‍ॅप उघडले असताना ते तसे चालत नव्हते. म्हणजे या बाबतीत पैशाच्या अ‍ॅपचा प्रेक्षक टीव्ही कंपनीच्या नजरेतून थोडा सुटतो. अर्थात अ‍ॅपवाल्याच्या नजरेतून नाही. तुम्ही कुठे थांबलात, कुठे सोडून दिले, हे तो टिपतोच.

कुणी म्हणेल, आम्ही गरीब माणसे, आमचे काय टिपणार? आपल्या समाजाने तरी असे म्हणू नये. कोणत्या घरात रोज कोणती बातमी पाहिली जाते, सहा डिसेंबरला काय पाहिले जाते, जयंतीच्या आठवड्यात काय पाहिले जाते, याची यादी कुणाच्या तरी सर्व्हरवर पत्त्यासह असणे म्हणजे काय, हे भीमा कोरेगाव प्रकरणात माणसांच्या लॅपटॉपची आणि मोबाइलची काय किंमत लावली गेली हे पाहिलेल्या आपल्याला सांगायला नको. ती यादी आज साबण विकायला वापरली जाते. उद्या मतदारसंघ वाचायला वापरली जाणार नाही असे कोणत्या भरवशावर म्हणायचे?

याच संशोधकांनी आणखी एक गोष्ट तपासली, ती आपल्या कामाची आहे. सेटिंगमध्ये जाऊन ही सेवा बंद केल्यावर ठसे पाठवणे खरोखर थांबले. बटण खोटे नव्हते, फक्त लपलेले होते. सॅमसंगच्या संचात ते `Privacy Choices` खाली `Viewing Information Services` या नावाने असते, एलजीत `Live Plus` या नावाने. मॉडेलप्रमाणे वाट थोडी बदलते, पण नावे शोधली की सापडतात. गूगलच्या प्रणालीवर चालणाऱ्या टीव्हीत `Privacy` मध्ये `Ads` आहे, तिथून जाहिरात-ओळख क्रमांक पुसता येतो. पुसल्यावर जाहिराती थांबत नाहीत, मोफत वाहिन्याही बंद पडत नाहीत, फक्त त्या घराची ओळख पुसट होते. वाचनालयातल्या टीव्हीवर हे करायला मला दहा मिनिटे लागली, त्यातली आठ रिमोटने ते पान शोधण्यात गेली.

ही सगळी नावे मी इंग्रजीत का देतो आहे? कारण बहुसंख्य लोकांच्या टीव्हीवर ती इंग्रजीतच दिसतात. पहिल्यांदा टीव्ही लावायला येणारा पोरगा "आय अ‍ॅग्री, आय अ‍ॅग्री" असे चार वेळा दाबतो आणि घरच्या बाईला न विचारता घराची संमती देऊन जातो. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात संमतीची सूचना इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या कोणत्याही भाषेत वाचण्याचा पर्याय नागरिकाला दिला पाहिजे असे लिहिले आहे. मराठी त्या अनुसूचीत आहे. मुलांवर पाळत ठेवून त्यांना नेमक्या जाहिराती दाखवण्यालाही त्याच कायद्याने मनाई केली आहे, आणि आपल्या घरात दुपारी टीव्हीसमोर मुलेच असतात. कायदा कागदावर चांगला आहे. या दोन कलमांवर कंपन्यांकडे अर्ज करणे, उत्तर आले नाही तर पाठपुरावा करणे, हे काम वाहिनी काढण्यापेक्षा स्वस्त आहे आणि त्याचा फायदा एका समाजाला नाही, सगळ्यांनाच होईल.

आता पाहणाऱ्याच्या खिशाबद्दल, कारण "फुकट" हा शब्द तिथूनच आला. ही वाहिनी इंटरनेटवर येते. चांगल्या चित्राला तासाला दोन-अडीच जीबी डेटा सहज लागतो. मोबाइलच्या रोज दोन जीबीच्या रिचार्जवर हॉटस्पॉट लावला तर तासाभरात दिवसाचा डेटा संपतो आणि मुलीचा ऑनलाइन अभ्यास बुडतो. रोज चार तास पाहणाऱ्या घराला महिन्याला २४० ते ३०० जीबी लागेल, म्हणजे वायरचे ब्रॉडबँड हवेच. ३९९ रुपयांची योजना घेतली तर अठरा टक्के जीएसटी धरून ४७१ रुपये झाले, वर्षाला साडेपाच हजारांच्या वर. घरात इतर कामासाठी ब्रॉडबँड असेल तर वाहिन्या वरकड मिळाल्या असे म्हणता येईल, आणि मग त्या बघायला माझी हरकत नाही. जुने सिनेमे असतात, मुलांना कार्टून असते. पण केवळ त्या वाहिन्यांसाठी इंटरनेट घेणे म्हणजे फुकटच्या गायीसाठी गोठा भाड्याने घेणे.

खरोखर मासिक खर्चाविना चालते ते दूरदर्शनचे फ्री डिश. डिसेंबर २००४ मध्ये ते "डीडी डायरेक्ट प्लस" या नावाने सुरू झाले आणि आज चार कोटींहून अधिक घरांत आहे असा अंदाज दिला जातो. छत्री आणि डबा एकदा घेतला की संपले. त्याला आणखी एक गुण आहे जो कुणी मोजत नाही: डिश एकतर्फी असते, ती घरातले काहीही परत पाठवत नाही. (टीव्ही स्मार्ट असेल आणि इंटरनेटला जोडलेला असेल तर गोष्ट वेगळी, तेव्हा वरचे बटण बंद करा.) फ्री डिशचे दुखणे दुसरे आहे. तिथल्या खासगी वाहिन्यांच्या जागा लिलावाने जातात आणि बोली कोटींत लागते. म्हणून तिथे भक्तीचा आणि मालिकांचा बाजार भरलेला असतो आणि आपल्याला जागा नसते. पण हे सरकारी माध्यम आहे. त्याच्या दारात उभे राहून हक्क मागता येतो, विधिमंडळात आणि संसदेत प्रश्न विचारता येतो. टीव्ही कंपनीच्या व्यवसाय खात्याला कोणत्या सभागृहात प्रश्न विचारणार? प्रसार भारतीने नोव्हेंबर २०२४ मध्ये गोव्याच्या चित्रपट महोत्सवात "वेव्हज" हे अ‍ॅपही सुरू केले. जनतेच्या पैशाचा आंबेडकरांवरचा चित्रपट सर्व भाषांत, कायमचा आणि मोफत तिथे असावा, ही मागणी करायला वर्गणी लागत नाही, निवेदन लागते.

बाबासाहेबांनी १९४३ मध्ये पुण्यात रानडे यांच्यावर केलेल्या भाषणात हिंदुस्थानातली पत्रकारिता व्रत न राहता धंदा झाली आणि साबण बनवण्यापेक्षा जास्त नैतिक कर्तव्य तिला उरले नाही, अशा अर्थाची टीका केली होती. त्यांची स्वतःची पत्रे पैशाअभावी बंद पडली. "बहिष्कृत भारत"चे चोवीस-चोवीस रकाने त्यांना एकट्याने भरावे लागले. तरी पत्र कुणाचे, छापखाना कुणाचा, वर्गणीदारांची यादी कुणाकडे, हे प्रश्न त्यांनी कधी सोडले नाहीत. भारत भूषण छापखाना उभा केला तो त्यासाठीच. स्मार्ट टीव्हीवरची वाहिनी काढली तर पत्र आपले असेल, पण छापखाना, टपाल आणि वर्गणीदारांची यादी तिन्ही टीव्ही कंपनीकडे असतील. आपल्याला दर महिन्याला एक तक्ता मिळेल: इतके तास, इतके पैसे. कोणी पाहिले, ते आपल्याला कळणार नाही. कंपनीला कळेल.

म्हणून माझे मत असे. वर्गणी गोळा होणार असेल तर ती वाहिनीच्या भाड्यात घालू नये, साहित्यात आणि हक्कांत घालावी. वृद्ध शाहीर आणि गायक हयात आहेत तोवर त्यांची नवी, स्वच्छ आवाजाची रेकॉर्डिंगे करावीत आणि जी गीते त्यांची स्वतःची आहेत त्यांचे लेखी करार करून ठेवावेत. प्रत्येक परिषदेला एक चांगला मायक्रोफोन आणि एक माणूस द्यावा. हे साहित्य यूट्यूबवर टाकावे, पेनड्राइव्हवर विहारांना द्यावे, दूरदर्शनला द्यावे, आणि उद्या एखादी टीव्ही कंपनी दारात आली तर तिलाही भाड्याने द्यावे, पण मालकी सोडू नये. दोनशे तासांचे असे साहित्य हातात आल्यावर वाहिनीचा प्रश्न पुन्हा मांडा, तेव्हा मी विरोध करणार नाही. आज आपल्याकडे किती तास आहेत, हे प्रस्ताव मांडणाऱ्या मित्रांनी आधी मोजून ग्रुपवर टाकावे. आवाज ऐकू येतो असे तास मोजा, नुसते रेकॉर्ड झालेले नकोत.